ओली फरशी (लघुकथा)

पेठेबाहेरचा

बऱ्याच दिवसांनी कथा टाकतोय. अरण्येश्वरच्या बाजूला घडते, माणसं सगळी कल्पित. विम्याबद्दलचं काही खटकलं तर जरूर सांगा, इथे त्या धंद्यातली मंडळी आहेत हे माहीत आहे.

माने काकू पडल्या तेव्हा सुभाषशेठ मागच्या खोलीत शेंगदाण्याचं पोतं उसवत होते. दुसऱ्या दिवशी आषाढी. साबुदाणा, भगर, दाणे, राजगिऱ्याचे लाडू, सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत तेलाची एक पिशवी फुटली. गणेशने भुसा टाकायचा सोडून साबणाच्या पाण्याने पुसून काढलं, कारण भुसा वरच्या फळीवर होता आणि समोर पाच गिऱ्हाइकं उभी होती.

शेठ बाहेर आले तेव्हा काकू दुधाच्या फ्रीजपाशी एका अंगावर पडलेल्या होत्या. रडत नव्हत्या. "पाय उचलत नाहीये रे सुभाष," एवढंच म्हणाल्या.

रिक्षा शेठनीच थांबवली, काकूंना आत बसवायला चार जण लागले. शेठ सोबत गेले. पर्वतीच्या उतारावर रिक्षा खड्ड्यात आदळली तशा काकू कळवळल्या, आणि शेठनी त्यांचा हात धरून म्हटलं, "काकू, काळजी करू नका. सगळं मी बघतो."

खुब्याचं हाड मोडलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी ते बहुतेक वेळा जोडत बसत नाहीत, अर्धा सांधाच बदलतात. मुलगा नऱ्ह्याहून आला, त्याने सह्या केल्या. शेठ संध्याकाळी दुकानात परतले.

रात्री एजंटाचा फोन. पॉलिसी २०१९ च्या पुरानंतरची. त्या सप्टेंबरात आंबिल ओढा दुकानात छातीपर्यंत आला होता आणि विमा नव्हता. दोनच महिन्यांनी शेठनी दुकानदारांचं पॅकेज घेतलं ते फक्त पाण्याच्या भीतीने. पुरात उखडलेली शहाबादी काढून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवली तीही तेव्हाच. पॉलिसीत शेवटी कुठेतरी, त्रयस्थ माणसाला इजा झाली तर पाच लाखांपर्यंत, असा एक विभाग होता. तो शेठनी कधी वाचला नव्हता.

"शेठ, काही बोललात का तुम्ही त्यांच्याशी?"

"माणूस पडल्यावर काय बोलणार? धीर दिला."

"आता तोंड बंद ठेवायचं. चूक झाली म्हणायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत, देतो म्हणायचं नाही. त्यांची नोटीस आली की वकील कंपनीचा, बोलणं कंपनीचं. तोपर्यंत हॉस्पिटलात फिरकूसुद्धा नका."

"अहो, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे."

"म्हणूनच सांगतोय."

तेव्हापासून वाट पाहणं सुरू झालं. पोस्टमन रोज साडेअकराला चौकातून वळतो. शेठ त्या वेळी हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसत आणि सायकलचा आवाज पुढे गेला की मान वर करत. नोटीस आली नाही. विचारणारे मात्र येत राहिले. काकूंच्या भिशीतल्या बायका, समोरचा इस्त्रीवाला, पूर्वी कधी दुकानाची पायरी न चढलेला एक माणूस. सगळ्यांचा प्रश्न एकच, "शेठ, काकूंना बघून आलात का?"

"दुकान सोडवत नाही," असं शेठ म्हणत. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं हे सगळ्या सहकारनगरला ठाऊक होतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "मी जाते. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही." मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात. शेठ दारात उभे राहिले.

"काय म्हणाल्या?"

"वॉकर धरून चालतायत चार पावलं. सुभाष नाही आला का, म्हणाल्या."

"मग?"

"मग काय. म्हटलं, गर्दी असते."

कॅमेऱ्याचं चित्रण गणेशने पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. एका दुपारी शटर अर्धं ओढून शेठ ते बघत बसले. १०:४६ ला गणेश पुसतोय. १०:५२ ला काकू हातातली यादी वाचत फ्रीजकडे येतात आणि पडतात. ते दृश्य बघायची त्यांनी मनाची तयारी केली होती. मधलं त्यांना आठवतच नव्हतं. १०:४९ ला ते स्वतः गल्ल्यावरून उठून मागच्या खोलीकडे जाताना दिसत होते, आणि फ्रीजपाशी आल्यावर त्यांनी लांब ढांग टाकली होती. ओला तुकडा त्यांनी बघितला होता. बघून ओलांडला होता. पिवळा बोर्ड तांदळाच्या पोत्यांमागे उभा होता, त्याचा एक कोपरा चित्रात येत होता.

मशीनवरचं चित्रण वीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. उरला पेनड्राइव्ह. शेठनी तो गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, जुन्या नोटांच्या डब्यात टाकला. एजंटाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. रोज गल्ला उघडताना हात त्या कप्प्याशी जरा थांबे.

गणपती झाले, तरी नोटीस नाही. मग एका शनिवारी काकूंचा मुलगा दुकानात आला. शेठ उठून उभे राहिले.

"आईच्या खात्यावर किती आहे?"

"राहू दे ना, घाई काय आहे?"

"किती आहे?"

दोन हजार तीनशे चाळीस. त्याने मोजून दिले. "पावती द्या. आणि खातं बंद करा."

शेठनी पावती लिहिली. आई कशी आहे हे विचारायला तोंड उघडलं, आणि ते विचारलं तर चालतं की नाही, याचाच विचार करत राहिले. मुलगा दाराकडे वळला. फ्रीजपुढे आता खरबरीत रबरी मॅट होती. तिच्यावर एक पाय ठेवून त्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "ही चांगली आहे." मग गेला.

नोव्हेंबरात नूतनीकरण होतं. एजंटाने दुसऱ्या कंपनीचा आकडा काढला होता, अकराशेंनी स्वस्त.

"नोटीस आली का हो शेठ?"

"नाही."

"मग उत्तम. बदलून टाकू या का कंपनी?"

"कळवतो," शेठ म्हणाले आणि गणेशला हाक मारली, कारण बाहेर पुन्हा पावसाला सुरुवात झाली होती आणि छत्र्या घेऊन माणसं आत येत होती.

मीनल_नऱ्हे

'पॉलिसी तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही' याला टाळ्या! पण शेवट अर्धवट वाटला. केस झाली का नाही? मुलगा खातं बंद करतो म्हणजे करणार ना केस?

पेठेबाहेरचा

मलाही माहीत नाही. शेठनाही नाही, म्हणून तर गोष्ट.

हडपसरी

विमा कंपन्यांबद्दल न बोललेलं बरं. आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं होतं, सर्व्हेअर आला, फोटो काढले, भिजलेला माल तसाच ठेवा म्हणाला. वासाने शेजारी भांडायला आले. क्लेम मिळाला तो निम्म्याहून कमी. तुमच्या शेठना म्हणावं, रोज फॉलोअप घ्या, गप्प बसून क्लेम मिळत नाही.

मीनल_नऱ्हे

@हडपसरी, अहो इथे शेठ क्लेम मागत नाहीयेत. काकू त्यांच्यावर क्लेम करतील का, याची ते वाट बघतायत. उलटी गंगा आहे.

हडपसरी

असं होय. मोबाईलवर घाईत वाचलं. मग तर काय, आला नाही तर देवाला नारळ फोडावा.

सत्यान्वेषी

कथा ठीक, पण कायद्याचा पाया कच्चा आहे. सार्वजनिक जागेत इजा झाली तर १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट लागतो. त्यात चूक कोणाची हे बघतच नाहीत, मालकाला द्यावंच लागतं. म्हणजे शेठ बोलले काय न बोलले काय, फरक शून्य. एजंट उगाच घाबरवतोय. आणि पोलिसांत गेलं तर भादंवि ३३८ आहेच, हाड मोडलंय. बोर्ड बाहेर असता तर मात्र शेठ पूर्ण सुटले असते.

अण्णा_कर्वेनगर

कथा आवडली. नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी विमा कंपनीच्या दायित्व विभागात गेली, त्यामुळे राहवत नाही.

सत्यान्वेषी, १९९१ चा कायदा भोपाळनंतर आला. तो घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. अमोनियाची टाकी गळली, क्लोरीन सुटला, तर तिथे चूक न बघता तातडीची मदत. किराणा दुकानातलं साबणाचं पाणी त्यात बसत नाही. नावात 'पब्लिक लायबिलिटी' आहे म्हणून निम्म्या एजंटांचाही हाच घोळ होतो. शेठच्या बाबतीत साधा निष्काळजीपणाचा प्रश्न आहे, आणि तिथे चूक कोणाची हे बघावंच लागतं. म्हणून कोण काय बोललं याला किंमत आहे.

आता एजंटाबद्दल. त्याने निम्मं बरोबर सांगितलं. जवळजवळ प्रत्येक दायित्व पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचन द्यायचं नाही. कारण उघड आहे, उद्या कोर्टात भांडायचं ते कंपनीने, आणि तुम्ही आधीच चूक कबूल करून बसलात तर ती भांडणार कशावर? पण 'हॉस्पिटलात फिरकू नका' हे कुठल्याही पॉलिसीत मी वाचलेलं नाही. भेटायला जाणं म्हणजे कबुली नव्हे. फळं नेणं म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. 'काकू, कशा आहात, फार वाईट वाटलं' हे म्हणायला काही हरकत नाही. 'माझ्या पोराने फरशी नीट पुसली नाही, बिल मी भरतो' हे म्हणायचं नाही. शेठ तीन महिने जे सोसतायत त्यातलं बरंचसं एजंटाच्या आगाऊपणामुळे आहे.

आणि ज्याची खरी घाई होती ते एजंटाने सांगितलंच नाही. त्याचं म्हणणं, नोटीस आली की बघू. अट साधारण अशी असते की ज्या घटनेतून पुढे मागणी येऊ शकेल ती घटनाच कळवायची, लगेच, लेखी. मागणीची वाट बघायची नाही. कथेत शेठनी कंपनीला काही लिहून दिलेलं मला दिसलं नाही.

पेठेबाहेरचा

बरोबर, दिलेलं नाही. एजंटाला फोनवर सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं, असं शेठ धरून चाललेत. आमच्या ओळखीतल्या बहुतेक दुकानदारांचा असाच समज आहे, म्हणून तसंच ठेवलं.

अण्णा_कर्वेनगर

मग तुमच्या शेवटच्या परिच्छेदात, म्हणजे त्या अकराशे रुपयांत, सगळ्यात मोठा धोका लपलाय. तुम्ही मुद्दाम ठेवलाय की नाही माहीत नाही.

आपल्याकडच्या दायित्व पॉलिसी पुष्कळदा अशा शब्दांत असतात की अपघातही मुदतीत झाला पाहिजे आणि मागणीही मुदतीत आली पाहिजे. आगीसारखं नाही. आग लागली त्या दिवशी पॉलिसी चालू होती, एवढं तिथे पुरतं. इथे आषाढीच्या आदल्या दिवशी काकू पडल्या तेव्हा जुनी कंपनी होती. नोव्हेंबरात शेठ नव्या कंपनीकडे गेले. फेब्रुवारीत नोटीस आली. जुनी म्हणते, मागणी आली तेव्हा तुम्ही आमचे नव्हता. नवी म्हणते, अपघात आमच्याकडे येण्याआधीचा. दोघीही कागदावर खऱ्या, आणि शेठ मधल्या मध्ये.

हे टाळायचं तर तीन महिन्यांपूर्वीच एक पान लिहायला हवं होतं. अमुक तारखेला, अमुक वाजता, दुकानात गिऱ्हाईक पडून जखमी झालं, नाव, वय, हॉस्पिटल, मागणी येण्याची शक्यता आहे. पॉलिसी नंबर टाकून मेल, आणि शाखेत पोच घेऊन एक प्रत. कंपनीने ही सूचना मुदतीत स्वीकारली की पुढे कधीही मागणी आली तरी ती त्याच पॉलिसीत आली असं धरतात. त्याच कंपनीकडे खंड न पडता नूतनीकरण झालं तरी अपघाताची जुनी तारीख चालू राहते. काही पॉलिसींत मुदत संपल्यावर नव्वद दिवसांची सवलत असते, पण त्या भरवशावर राहू नये. कथेत अजून नोव्हेंबर उलटलेला नाही, म्हणजे शेठ अजून लिहू शकतात. उशीर का झाला असं कंपनी विचारेल, कुरकुर करेल, पण उशिरा कळवणं हे न कळवण्यापेक्षा कधीही बरं.

दुकानदारांच्या पॅकेजमध्ये या विभागाचे शब्द प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात. म्हणून शेठनी आधी शब्द वाचायचे आणि मग अकराशे वाचवायचे.

सत्यान्वेषी

१९९१ बद्दल ठीक, मान्य. पण पेनड्राइव्हचं काय? त्यात शेठ स्वतः पाणी ओलांडताना दिसतायत. माहीत असून काही केलं नाही. हे कंपनीला दिलं तर ती हात झटकणार. माझ्या मते शेठनी तो मुळा-मुठेत टाकावा. मॅट टाकली तीही चूकच, म्हणजे आधी धोका होता हे कबूल केल्यासारखं झालं.

अण्णा_कर्वेनगर

इथेच बहुतेक जण फसतात. हा विभाग असतोच निष्काळजीपणासाठी. तुमची चूकच नसेल तर कायद्याने तुम्ही काही देणं लागत नाही, मग कंपनी भरणार तरी काय? पाणी दिसलं आणि घाईत ओलांडून गेलो, हा रोजच्या जगण्यातला निष्काळजीपणा, नेमका विम्यात बसणारा. मुद्दाम कोणाला पाडलं तर बसणार नाही. विम्याला बाधा येते ती लपवाछपवीने. चित्रण दडवलं, कंपनीच्या वकिलाने 'फरशी कोरडी होती' असं उत्तर दिलं आणि उलटतपासणीत गणेशच्या तोंडून बाहेर आलं, की शेठ दोन्हीकडून गेले. गणेशला माहीत आहे ना पेनड्राइव्ह, त्यानेच तर केला.

त्या चित्रणात काकू यादी वाचत चालल्यात हेही आहे. सहा मिनिटांचा हिशेबही आहे. तासभर पाणी पडून राहिलं असतं तर वेगळं, सहा मिनिटं वेगळी. ते जपायला शेठना स्वतःचं कारण आहे.

वकीलसाहेब_शिवाजीनगर

अण्णांशी सहमत, थोडी भर.

भादंवि आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. अशा घटनेला कलम १२५, हाड मोडलं की गंभीर दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात दंड झाला तर तो विमा कंपनी भरत नाही, तो शेठच्या खिशातून.

बोर्डाने कोणी 'पूर्ण सुटत' नाही. अरुंद जागेत, आषाढीच्या गर्दीत, दुधाच्या फ्रीजला जायचा तोच एक रस्ता असेल तर पिवळा बोर्ड वाचून काकूंनी करायचं काय? बोर्डाने काकूंचा वाटा वाढला असता आणि रक्कम कमी झाली असती, एवढंच. साबणाचं पाणी त्या टाइलवरून पूर्ण निपटलं होतं का, हा प्रश्न बोर्डाच्या आधी येतो.

मॅटबद्दल, पुढचा माणूस पडू नये म्हणून सोय केली याला मी तरी कबुली म्हणणार नाही. समोरचा वकील ती तशी मांडेल हे मात्र नक्की. आणि मॅट टाकली नसती, दुसरं कोणी पडलं असतं, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

शेठनी किती वाट बघायची? दिवाणी दाव्याला अपघातापासून तीन वर्षं. ग्राहक आयोगात दोन वर्षं, पण तिथे हे प्रकरण टिकेल का यावर मतं वेगळी आहेत. काकूंनी दूध विकत घेतलं, दुधात दोष नव्हता. दुकानातली सुरक्षित जागा ही विकलेल्या सेवेचा भाग धरायची का? माझे एक सहकारी ठामपणे हो म्हणतात. मी दिवाणी कोर्टात जाईन.

रिक्षातलं 'सगळं मी बघतो' हे वाक्य मला फार आवडलं. यावर दोन्ही बाजूंनी तासभर युक्तिवाद करता येईल.

अण्णा_कर्वेनगर

माझ्या मते ते वचन नाही. कळवळणाऱ्या बाईला धीर आहे.

वकीलसाहेब_शिवाजीनगर

मुलाच्या बाजूने उभा राहिलो तर मी ते वचन म्हणेन अण्णा. पंचवीस वर्षांच्या ओळखीतला माणूस 'बघतो' म्हणाला, म्हणून आम्ही पोलिसांत गेलो नाही, पहिले दोन महिने नोटीस दिली नाही. आणि मग तो माणूस फिरकला नाही.

सुनीता_बिबवेवाडी

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते, थोडी उलट बाजूची आहे. एका कपड्यांच्या दुकानात पायरीवर पाणी होतं, मनगट मोडलं. हॉस्पिटलात दाखल करताना मला विचारलं, कशा पडल्या? मी गडबडीत 'घसरून पडल्या' म्हटलं. केसपेपरवर लिहिलं गेलं 'घरी पडल्या'. मी वाचलंच नाही. मेडिक्लेमला काही अडचण आली नाही, बिल मिळालं. पण नंतर दुकानदाराशी बोलायला गेलो तर तो म्हणाला, तुमचाच कागद सांगतोय की घरी पडल्या. दुरुस्ती करायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, तेव्हा जे सांगितलं तेच लिहिलंय. विषय तिथेच संपला.

तेव्हा माने काकूंच्या मुलाने सही करताना काय वाचलं, हे मला कथेत हवं होतं.

वकीलसाहेब_शिवाजीनगर

@सुनीता, हे महत्त्वाचं आहे. कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो, पडल्याची पहिली लेखी नोंद काय म्हणते? दाखल होतानाच्या कागदावर ठिकाण आणि कारण लिहून घ्यायला हवं. दुकानात पडल्या, फरशी ओली होती, इतकं पुरे.

मीनल_नऱ्हे

मला एक समजत नाही. काकूंचा मेडिक्लेम असेल तर बिल त्याने भरलं ना? मग शेठकडून कशाचे पैसे मागणार?

अण्णा_कर्वेनगर

मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. घरी ठेवलेली बाई, फिजिओथेरपी, वॉकर, कमोडची उंच खुर्ची, मुलाने काढलेली बिनपगारी रजा, आणि दुखणं, हे सगळं बाहेरच राहतं. मेडिक्लेमने भरलेली रक्कमही शेठकडून पुन्हा मागता येते का, यावर वकीलसाहेब सांगतील.

वकीलसाहेब_शिवाजीनगर

मागतील नक्की. हप्ता काकूंनी भरला, त्याचा फायदा दुकानदाराला का, असा युक्तिवाद असतो. मोटार अपघातांत यावर बरंच लिहिलं गेलंय. दुकानातल्या पडण्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कोकणस्थ_खेकडा

कायद्याचा कीस पाडून झाला असेल तर कथेकडे वळू का? मला मुलगा केस करणार नाही असं वाटतं. केस करणारा माणूस उधारी चुकती करायला येत नाही, उलट ती थकवतो. पावती मागितली ती रागाने. त्यांचा राग पाण्यावर नाहीच, शेठ आला नाही यावर आहे.

सुनीता_बिबवेवाडी

मला उलट वाटलं. हिशेब स्वच्छ करून मग नोटीस देणारी माणसं असतात. आमच्या घरात आहेत. आणि मॅट दाबून 'चांगली आहे' म्हणाला ते ऐकून माझ्या तर पोटात गोळा आला.

पेठेबाहेरचा

मंडळी, मनापासून आभार. अण्णा, वर्षभरातल्या मर्यादेबद्दल एक विचारायचं होतं. शेठचा विभाग पाच लाखांचा. काकूंची मागणी समजा सहा लाखांची आली आणि वकिलाचा खर्च वेगळा. मग?

अण्णा_कर्वेनगर

पाच लाखांवरचं शेठचं. शिवाय दोन गोष्टी शेड्यूलवर बघायच्या. एका घटनेला किती आणि वर्षभरात सगळ्या घटना मिळून किती, हे दोन आकडे वेगळे असू शकतात. आणि बचावाचा खर्च त्या पाच लाखांतच मोजतात की वेगळा. पुष्कळ ठिकाणी त्यातच मोजतात, म्हणजे खटला जितका लांबेल तितकं काकूंसाठी उरणारं कमी. म्हणूनच कंपनी स्वतः तडजोडीला तयार होते कधीकधी, लोकअदालतीत बसून मिटवते. शेठनी आधी लेखी कळवलेलं असेल तर ती तडजोड कंपनीच्या पैशांनी होते. न कळवता शेठ स्वतःच मुलाच्या हातात दोन लाख ठेवून आले, तर ते त्यांचे दोन लाख गेले.

सत्यान्वेषी

म्हणजे चांगुलपणा करायचा तरी कंपनीला विचारून.

अण्णा_कर्वेनगर

पैशांचा, हो. भेटायला जायला विचारावं लागत नाही.

हडपसरी

आता पूर्ण वाचली. छान आहे. एक शंका, गणेशचं काय झालं? पोराला कामावरून काढलं का? आमच्याकडे असं झालं असतं तर पहिली गदा त्याच्यावर आली असती. आणि भुसा वरच्या फळीवर कोणी ठेवला होता?

पेठेबाहेरचा

गणेश आहे अजून. भुशाचं पोतं खाली आलंय, फ्रीजच्या शेजारी. पुढचा भाग लिहिला तर गणेशच्या बाजूने लिहीन, कारण चित्रण पहिल्यांदा त्याने बघितलंय, शेठनी नाही.

मीनल_नऱ्हे

लिहाच. आणि त्यात शेठना नोव्हेंबरच्या आत मेल टाकायला लावा हो. जीव टांगणीला लागलाय. पुलेशु.